गाडी सोडायची कुठे? लास व्हेगासमधला शेवटचा तास

लास व्हेगासला उतरून भाड्याने गाडी घ्यायची, ग्रँड कॅनियन बघायचं आणि गाडी परत देऊन पुढचं विमान पकडायचं, हा अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम आहे. गाडी कुठून घ्यायची, किती आसनांची घ्यायची, विमा कुठला घ्यायचा याची चर्चा घरात आठवडाभर चालते. गाडी परत कुठे द्यायची, याची चर्चा मात्र शेवटच्या दिवशी गाडीतच सुरू होते, तीही समोर सहा पदरी रस्ता आणि डोक्यावर झपाझप येणारे हिरवे फलक असताना.

गोंधळाचं मूळ साधं आहे. करारपत्रावर ‘लास व्हेगास विमानतळ’ असं लिहिलेलं असतं, म्हणून माणूस फोनच्या नकाशात विमानतळ टाकतो आणि नकाशा त्याला इमानेइतबारे टर्मिनलच्या दारात नेऊन सोडतो. तिथे भाड्याच्या गाड्या घेणारं कुणीच नसतं. गाड्या परत घेण्याचं ठिकाण टर्मिनलपासून सुमारे पाच किलोमीटर दक्षिणेला, एका वेगळ्या इमारतीत आहे. तिचं नाव रेंट-अ-कार सेंटर. तिथे गाडी सोडायची, सामान उतरवायचं आणि विमानतळाच्या मोफत शटल बसने टर्मिनलवर यायचं, असा क्रम आहे. त्यामुळे घड्याळ विमानाच्या वेळेवर नव्हे, तर या इमारतीच्या फाटकावर लावायचं असतं.

गोव्यात भाड्याची गाडी घेतलेल्यांना हे खटकतं. तिथे काळ्या पाटीची गाडी घ्यायला बहुधा मालकाचा माणूसच विमानतळावर येतो. दाबोळी की मोपा एवढं फोनवर सांगितलं की काम झालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा माणूस तुमच्यापर्यंत येत नाही, तुम्हालाच त्याच्या रांगेपर्यंत जावं लागतं.

वेगळी इमारत कशासाठी?

पूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक विमानतळांवर प्रत्येक कंपनीची स्वतःची जागा आणि स्वतःची बस असे. दहा कंपन्या म्हटल्या की दहा रंगांच्या बसगाड्या टर्मिनलसमोर घिरट्या घालणार. त्या कोंडीवर उपाय म्हणून विमानतळांनी सगळ्या कंपन्यांना एका छताखाली आणायला सुरुवात केली. लास व्हेगासचं सेंटर २००७ मध्ये उघडलं. कंपन्यांच्या वेगवेगळ्या गाड्यांऐवजी विमानतळाची एकच बससेवा सुरू झाली. अशा इमारतींचा खर्च बहुतेक ठिकाणी भाडेकरूंच्याच बिलातून वसूल होतो. बिलावर ‘कस्टमर फॅसिलिटी चार्ज’ अशी जी ओळ दिसते, ती याचीच. त्यामुळे बस मोफत असली तरी तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

सगळीकडे व्यवस्था एकसारखी नाही. ऑरलँडोला गाड्या टर्मिनललगतच्या वाहनतळातच परत घेतात, तिथून चालत आत जाता येतं. सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे वेगळं सेंटर आहे, पण ते टर्मिनलला छोट्या रेल्वेने जोडलेलं आहे. सिअ‍ॅटल, डॅलस आणि लास व्हेगास इथे सेंटर एक आणि बस एक. डेन्व्हरला मात्र अजून जुनी पद्धत आहे, प्रत्येक कंपनीचा डेपो निराळा आणि बसही निराळी. नव्या शहरात जाण्याआधी आपल्या विमानतळाची व्यवस्था या चारपैकी कोणती, एवढं पाहून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

पत्ता कोणता टाकायचा?

लास व्हेगासच्या सेंटरचा पत्ता नकाशात असा टाकायचा:

```
7135 Gilespie Street, Las Vegas
```

Gilespie मध्ये एल एकदाच येतो, नेहमीच्या सवयीने दोनदा टाकू नका. मात्र पत्ता टाकण्याआधी करारपत्र उघडून बघा. नावाजलेल्या कंपन्या या इमारतीतच आहेत, पण काही छोट्या, स्वस्त कंपन्यांच्या जागा बाहेर आहेत आणि त्यांचा पत्ता निराळा असतो. गाडी घेताना इमारतीतून कंपनीच्या वेगळ्या गाडीत बसून कुठेतरी गेला असाल, तर परतीलाही तिथेच जायचं आहे. सोपा उपाय म्हणजे गाडी ताब्यात घेतली त्याच जागी उभं राहून फोनवर ते ठिकाण जतन करून ठेवायचं. तेव्हा घाई नसते आणि नेटवर्कही असतं.

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरून येताना रस्ता विल्यम्स गावावरून आय-४० ला लागतो, किंगमनला यूएस-९३ वर वळतो, हूवर धरणाजवळचा उंच पूल ओलांडून नेवाडात शिरतो आणि आय-११ वरून शेवटी आय-२१५ या बाह्यवळण मार्गावर येतो. अंतर साधारण ४५० किलोमीटर, म्हणजे न थांबता साडेचार तास. फसगत होते ती शेवटच्या दहा मिनिटांत. आय-२१५ हा रस्ता विमानतळ आणि सेंटर यांच्या मधून जातो. टर्मिनल त्याच्या उत्तरेला, सेंटर दक्षिणेला. पश्चिमेकडे जाताना विमानाचं चित्र असलेला ‘एअरपोर्ट’ हा फलक दिसतो आणि माणूस सवयीने तिकडे वळतो. तो रस्ता धावपट्ट्यांखालच्या बोगद्यातून थेट टर्मिनलला जातो. तुम्हाला हवा असतो तो ‘रेंटल कार रिटर्न’ लिहिलेला फलक.

इथे एक नियम पाळावा. शहराच्या हद्दीपर्यंत फोनचं ऐका, शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये फलकांचं ऐका. विमानतळाच्या भोवतालचे रस्ते दुरुस्तीसाठी सारखे वळवले जातात. शिवाय नकाशा कधीकधी इमारतीच्या ज्या दारी नेतो ते बस किंवा कर्मचाऱ्यांसाठी असतं, गाडी परत देण्याचं नव्हे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याकडे फलक वाचण्याचं काम आधीच सोपवून ठेवावं. चालवणाऱ्याने एकाच वेळी फोन, फलक आणि मागून येणारे ट्रक बघू नयेत.

चुकून टर्मिनलच्या रस्त्यावर गेलातच, तर गाडी उलटी घेण्याचा किंवा कडेला थांबून नकाशा बघण्याचा प्रयत्न करू नका. रस्ता एकेरी असतो आणि टर्मिनलसमोरून फिरून बाहेर पडतो. बाहेर पडताना पुन्हा ‘रेंटल कार रिटर्न’चे फलक दिसतात. या चुकीची किंमत पंधरा-वीस मिनिटं, म्हणून ती वेळ हिशेबात आधीच धरलेली बरी.

पेट्रोल कुठे भरायचं?

बहुतेक करारांत टाकी भरून मिळते आणि भरूनच परत द्यायची असते. काटा थोडा खाली असला तरी कंपनी स्वतः पेट्रोल भरते आणि त्याचा दर पंपावरच्या दरापेक्षा पुष्कळ जास्त लावते. म्हणून शेवटचा पंप कोणता, हे सकाळीच ठरवावं. किंगमनला पेट्रोल बऱ्याचदा स्वस्त दिसतं, पण ते लास व्हेगासपासून दीडशेहून अधिक किलोमीटर लांब. तिथे भरलेल्या टाकीचा काटा सेंटरला पोचेपर्यंत खाली आलेला असतो. अगदी सेंटरच्या तोंडाशी असलेल्या पंपांवर दर चढे असतात, कारण तिथे येणाऱ्याला घाई असते हे पंपवाल्यालाही ठाऊक असतं. मधला मार्ग म्हणजे वाटेवरचं हेंडरसन. ते शहर शेवटच्या टप्प्यावरच आहे, पंपही भरपूर. पावती जपून ठेवा, काही कंपन्या ती मागतात.

भारतातून आलेल्यांची खरी अडचण होते ती पंपावर. तिथे पेट्रोल भरून देणारा माणूस नसतो, यंत्रात कार्ड घालून आपणच भरायचं असतं. कार्ड घातलं की यंत्र बऱ्याचदा पाच आकडी झिप कोड मागतं. तो कार्डाच्या अमेरिकेतल्या पत्त्याचा असतो, भारतीय बँकेच्या कार्डाला असा कोड नसतो, आणि यंत्र कार्ड नाकारतं. दोनतीनदा प्रयत्न करत बसू नका. सरळ आत दुकानात जा, पंपाचा क्रमांक सांगा आणि अंदाजे रक्कम आधी भरा. उदाहरणार्थ, “सहा नंबर, चाळीस डॉलर.” टाकी तीस डॉलरमध्येच भरली, तर उरलेले दहा परत मिळतात. कार्डाने भरले असतील तर ते कार्डावर परत जायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

आणखी दोन गोष्टी. टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे, हे काट्याशेजारच्या पंपाच्या चित्राला असलेला छोटा बाण सांगतो. आणि अमेरिकेत हिरव्या मुठीची नळी बहुधा डिझेलची असते. साध्या गाडीला ‘८७’ लिहिलेलं ‘रेग्युलर’ भरायचं. मुठीच्या रंगापेक्षा पंपावरचं अक्षर वाचा.

एका तासाचा फरक

आता वेळेचा हिशेब. अ‍ॅरिझोना राज्य, त्यातला नवाहो भाग सोडला, तर उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नेवाडा करतं. त्यामुळे मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर आणि लास व्हेगासमध्ये वेळ एकच असते. हिवाळ्यात मात्र ग्रँड कॅनियन एक तास पुढे असतं. यूटामधल्या झायनकडून येत असाल, तर तिथलं घड्याळ वर्षभर लास व्हेगासच्या एक तास पुढेच चालतं. हूवर धरणाच्या पाण्यातल्या मनोऱ्यांवर म्हणूनच दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाच्या वेळेचं आणि एक अ‍ॅरिझोनाच्या. करारातली परतीची वेळ ही गाडी जिथे द्यायची तिथली, म्हणजे नेवाडाची. सीमेजवळ फोनचं घड्याळ पुढेमागे होतं, म्हणून हिशेब नेहमी नेवाडाच्या वेळेतच मांडावा.

समजा, डिसेंबरातला दिवस आहे. चार जणांचं कुटुंब, विमान संध्याकाळी साडेसहाचं, देशांतर्गत. हिशेब उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा. सुटण्याआधी दोन तास, म्हणजे साडेचारला टर्मिनलवर असावं. बसची वाट आणि प्रवास मिळून अर्धा तास धरला, तर चार वाजता बसथांब्यावर उभं राहायला हवं. गाडी देणं, सामान उतरवणं आणि इमारतीतून थांब्यापर्यंत चालत जाणं यांना पंचवीस मिनिटं, म्हणजे ३:३५ ला सेंटरच्या फाटकात. पेट्रोलचे वीस मिनिटं धरले, की सव्वातीनला हेंडरसनच्या पंपावर. साडेचार तास गाडी चालवणं आणि जेवणासह एक तास थांबणं, म्हणजे पावणेदहाला निघणं. पण ही नेवाडाची वेळ झाली. डिसेंबरात ग्रँड कॅनियनच्या हॉटेलातल्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा पावणेअकरा वाजलेले असतील. हाच हिशेब जुलैत केला, तर भिंतीवरच्या घड्याळातही पावणेदहाच असतील, आणि डिसेंबरच्या सवयीने पावणेअकराला निघालेलं कुटुंब एक तास उशिरा पोचेल. रस्ता चुकण्याची पंधरा-वीस मिनिटं यात धरलेली नाहीत, ती जेवणाच्या थांब्यातून काढावी किंवा सकाळी तेवढं आधी निघावं.

उशीर झालाच तर काय? भाड्याचा दिवस चोवीस तासांचा धरतात. बऱ्याच कंपन्या अर्ध्या तासाच्या आसपास सूट देतात, त्यानंतर तासाचं आणि काही तासांनंतर पूर्ण दिवसाचं भाडं लागतं. उशीर होणार असं कळल्याबरोबर कंपनीला फोन करून किंवा तिच्या अ‍ॅपवरून वेळ वाढवून घ्यावी.

फाटकापासून पावतीपर्यंत

सेंटरच्या आवारात शिरलं की प्रत्येक कंपनीच्या नावाचे फलक आणि बाण दिसतात. कंपन्या वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, म्हणून गाडी कोणत्या कंपनीची हे चालवणाऱ्याला ठाऊक हवं. आरक्षण एखाद्या संकेतस्थळावरून केलं असेल, तर लोकांना संकेतस्थळाचं नाव आठवतं आणि कंपनीचं नाही. ते किल्लीच्या बिल्ल्यावर आणि करारपत्रावर असतं.

फाटकात जमिनीवर लोखंडी दातेरी पट्टी दिसेल, शेजारी चाकांना इजा होईल अशी पाटीही. पुढे जाताना दात खाली दबतात, मागे येताना टायर फाडतात. म्हणून चुकीच्या कंपनीच्या रांगेत शिरलात, तर अजिबात मागे घेऊ नका. आतल्या कर्मचाऱ्याला सांगा, तो बाहेर पडायचा रस्ता दाखवतो. अशी चूक त्याच्यासाठी रोजची असते.

रांगेत गाडी उभी केल्यावर कर्मचारी हातातल्या यंत्राने काचेवरचा बारकोड वाचतो, किलोमीटर आणि पेट्रोल नोंदवतो आणि ईमेलवर पावती पाठवतो. बहुतेक वेळा हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. त्या दोन-तीन मिनिटांत तुम्हीही एक काम करावं. इंजिन बंद करण्याआधी काट्याचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा एक फोटो, मग चारही बाजूंचे आणि पुढच्या काचेचा एकेक. वाळवंटी रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा काचेवर बसून बारीक टवका उडणं तिथे नेहमीचं आहे, आणि त्याची तक्रार बऱ्याचदा तुम्ही घरी पोचल्यावर येते. वेळेची नोंद असलेला फोटो त्या वादात उपयोगी पडतो. कर्मचारी दिसत नसेल, तर किल्ली गाडीत ठेवून निघून जाऊ नका. काउंटरवर जाऊन गाडी दिल्याची नोंद करून घ्या, कारण नोंद होईपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच असते.

गाडी सोडण्याआधी आतून एकदा बघायचंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेले पासपोर्ट, सीटखाली सरकलेला चार्जर, मागच्या खिशातली औषधं, डिकीत राहिलेला जॅकेट. गाडीच्या पडद्यावरून आपला फोन काढून टाका, नाहीतर तुमची संपर्क-यादी पुढच्या भाडेकरूला दिसू शकते. लहान मुलाची सीट कंपनीकडून भाड्याने घेतली असेल, तर ती परत दिल्याचं कर्मचाऱ्याला दाखवून पावतीत नोंदवून घ्या.

पावती तिथेच उघडून वाचा. पेट्रोलचा आकार, उशिराचा आकार आणि न मागितलेला विमा या तीन ओळी पाहायच्या. चूक असेल तर उभ्या उभ्या काउंटरवर सुधारून घेणं सोपं, भारतात परतल्यावर ईमेल करत बसणं अवघड. अनामत म्हणून कार्डावर अडवलेली रक्कम मात्र लगेच मोकळी होत नाही, त्याला काही दिवस लागतात.

बस एक नव्हे, दोन

इमारतीबाहेरच्या थांब्यावर टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ साठी वेगवेगळ्या बस सुटतात. दोनच टर्मिनल आणि आकडे १ व ३, कारण २०१२ मध्ये तिसरं सुरू झालं तेव्हा दुसरं बंद करण्यात आलं. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ३ वरून जातात, पण देशांतर्गत विमानं दोन्हीकडून. साउथवेस्ट टर्मिनल १ वरून, युनायटेड टर्मिनल ३ वरून. म्हणून ‘आपलं विमान देशातलं आहे, म्हणजे टर्मिनल १’ असं गृहीत धरू नये, विमान कंपनीच्या तिकिटावर टर्मिनल बघावं. चुकीच्या बसमध्ये बसलात, तर सामानासकट पुन्हा एका टर्मिनलहून दुसऱ्याकडे जाण्याचा व्याप होतो. बसमध्ये चढताना चालकाला टर्मिनलचा आकडा सांगून खात्री करून घ्यायला काही लागत नाही. बस चोवीस तास चालते, प्रवास साधारण दहा मिनिटांचा.

बरोबर वयस्कर आई-बाबा असतील, तर एक वेगळा मार्गही आहे. आधी टर्मिनलच्या निर्गमन दारात त्यांना आणि जड बॅगांना उतरवायचं, मग चालवणाऱ्याने एकट्याने गाडी देऊन बसने परत यायचं. चाकाच्या खुर्चीची सोय विमान कंपनी टर्मिनलवर करते, त्यामुळे चालण्याचा त्रास असणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा. मात्र त्यासाठी अर्धा तास जास्त धरावा आणि त्यांच्यासोबत तिकिटं, पासपोर्ट आणि चालू फोन असलेला एक माणूस थांबवावा. त्या माणसाने सामान तपासणीलाही देऊन टाकावं. अमेरिकेतल्या अनेक विमान कंपन्या देशांतर्गत विमानासाठी सुटण्याच्या सुमारे ४५ मिनिटं आधी सामान घेणं बंद करतात, गाडी द्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत ती मुदत टळू नये.

गाडी घेण्याच्या दिवशी दहा मिनिटं काढून चार गोष्टी एका कागदावर लिहून ठेवल्या, की शेवटच्या दिवशी फोन बंद पडला तरी अडत नाही: कंपनीचं नाव, परतीचा नेमका पत्ता, परतीची वेळ नेवाडाच्या घड्याळात आणि विमानाचं टर्मिनल. हा कागद पुढच्या सीटवर बसणाऱ्याकडे द्यायचा.